घड्याळात ‘घेतली’ दाबलं, फोनला कळलंच नाही: गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप मनगटावर नेताना

पार्श्वभूमी

आमचं ॲप अँड्रॉइड फोनवर चालतं आणि त्याचं काम साधं आहे. गोळीची वेळ झाली की आठवण करायची, गोळी घेतली का ते विचारायचं आणि उत्तराची नोंद ठेवायची. त्याला खातं नाही, लॉगिन नाही, सर्व्हर नाही. कोण कोणती औषधं घेतं ही माहिती फोनबाहेर जाऊ नये, असं आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं. पुढच्या बऱ्याच गोष्टी त्या निर्णयावरून ठरत गेल्या.

घड्याळासाठी मागणी वापरणाऱ्यांकडूनच आली. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो, पर्समध्ये असतो, सायलेंटवर असतो, आणि मनगटावरचं घड्याळ मात्र दिवसभर हातावर असतं. म्हणून फोनवरच्या ॲपला जोड म्हणून वेअर ओएसच्या घड्याळांसाठी छोटं ॲप करायचं ठरलं. टीममध्ये आम्ही चौघं होतो. घड्याळाचा कोड माझ्याकडे होता, त्यामुळे इथे सांगितलेल्या बहुतेक चुकाही माझ्याच आहेत.

पहिली आवृत्ती मी लवकर उभी केली. फोनवरची ‘आजच्या गोळ्या’ ही यादी गोल स्क्रीनवर आणली आणि प्रत्येक गोळीपुढे ‘घेतली’ असं बटण दिलं. बटण दाबलं की घड्याळ `MessageClient` वापरून फोनला निरोप पाठवायचं आणि फोन तो आपल्या डेटाबेसमध्ये लिहायचा. टेबलावर फोन आणि घड्याळ शेजारी ठेवून मी शंभर वेळा दाबून पाहिलं असेल. शंभरही वेळा फोनवर खूण उमटली. आज वाटतं, दोन्ही उपकरणं एका टेबलावर ठेवून केलेली चाचणी ही अशा ॲपची चाचणीच नव्हे. मनगटावरचं ॲप लोकांना हवं असतं तेच मुळी फोन जवळ नसताना.

अडचण

चाचणीसाठी ज्यांना ॲप दिलं होतं त्यांच्यात रक्तदाबाची गोळी घेणारे एक निवृत्त गृहस्थ होते. सकाळी आठला मनगट थरथरलं. ते तेव्हा अंघोळीला निघाले होते, म्हणून त्यांनी गोळी मागे ठेवली. नंतर गोळी घेतली आणि घड्याळ हातावर चढवून बाहेर चालायला पडले. रस्त्यात आठवण झाली तसं घड्याळातलं ॲप उघडून ‘घेतली’ दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण आणि ‘नोंद झाली’ अशी अक्षरं आली. फोन घरीच होता.

ते परत आले तेव्हा फोन ओरडत होता: ‘सकाळची गोळी राहिली आहे.’ दुपारी त्यांच्या मुलीचा मला फोन आला. “बाबा म्हणतात मी घड्याळात दाबलं होतं, पण फोन नाही म्हणतोय. त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली, दुसरी गोळी हातात घेतली होती त्यांनी. मी स्ट्रिप मोजली म्हणून कळलं.”

त्या दिवशी कुणाला काही झालं नाही. पण गोळी दोनदा घेतली जाऊ नये म्हणून वापरायचं ॲपच दुसरी गोळी हातात देत होतं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. `MessageClient` चा निरोप समोरचं उपकरण त्या क्षणी जोडलेलं असेल तरच जातो. जोडलेलं नसेल तर तो कुठेही साठवून ठेवला जात नाही, नंतर पाठवलाही जात नाही. `sendMessage` अपयशी ठरलं की एक्सेप्शन येतो, पण तो ऐकायला मी काही लिहिलंच नव्हतं. हिरवी खूण मी बटण दाबल्याबरोबर दाखवत होतो, निरोपाचं काय झालं हे न बघता. ते बघितलं असतं तरी अर्धंच काम झालं असतं, कारण `sendMessage` ने यश कळवलं तरी निरोप पोहोचल्याची हमी मिळत नाही, असं त्याच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. मी ते वाक्य वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो.

समोर असलेले पर्याय

चौघं बसलो तेव्हा चार वाटा होत्या.

पहिली म्हणजे घड्याळाचं ॲपच नको. फोनवरची नोटिफिकेशनं वेअर ओएस आपोआप घड्याळावर दाखवतं, आणि फोनच्या नोटिफिकेशनला ‘घेतली’ आणि ‘थोड्या वेळाने’ अशी बटणं दिली तर तीही मनगटावर दिसतात. यात घड्याळासाठी एक ओळही लिहावी लागत नाही. पण बटण दाबल्यावर काम फोनवरच होतं, म्हणजे फोन टप्प्यात नसेल तर पुन्हा तीच गत. शिवाय फोन टप्प्यात नसताना आठवणच येणार नाही.

दुसरी वाट म्हणजे निरोपाचीच पद्धत ठेवायची, पण घड्याळात आपली रांग करायची. पोच येईपर्यंत निरोप पुन्हा पुन्हा पाठवायचा. हे करता आलं असतं. मात्र कधी पाठवायचं, किती वेळाने पुन्हा, घड्याळ बंद होऊन चालू झालं तर काय, हे सगळं आपणच सांभाळायचं.

तिसरी, `DataClient`. यात निरोप पाठवायचा नसतो. एका पत्त्यावर माहिती ठेवायची आणि ती दुसऱ्या उपकरणापर्यंत नेण्याचं काम सिस्टिमचं. संपर्क तुटलेला असेल तर जुळल्यावर ती जाते. एका डेटा आयटमला १०० केबीची मर्यादा आहे, पण आमच्या नोंदी काही बाइटच्या होत्या.

चौथी, घड्याळाने वाय-फायवरून किंवा स्वतःच्या सिमवरून थेट सर्व्हरशी बोलायचं. सर्व्हर नसणं हाच आमचा शब्द होता, त्यामुळे ही वाट पाच मिनिटांत मिटली.

तिसरी निवडली. दुसऱ्या वाटेने मी स्वतः जे लिहिणार होतो त्यातलं बरंचसं तिच्यात तयार मिळत होतं. निर्णय बरोबर होता. चूक झाली ती पुढे, कारण मी `DataClient` ला ‘भरवशाचा निरोप’ समजलो.

काय केलं

एकाच पाटीवर दोन नोंदी

पहिला बदल मी अर्ध्या दिवसात केला. घड्याळ `/dose/status` या पत्त्यावर गोळीचा क्रमांक आणि ‘घेतली’ एवढं लिहायचं. फोन घरी ठेवून बाहेर जाऊन आलो, एक गोळी नोंदवली, परत आल्यावर फोनवर खूण आली. सगळे खूश.

मग आमच्या टेस्टरने फोन बंद केला, घड्याळात सकाळच्या तीनही गोळ्या ‘घेतली’ म्हणून नोंदवल्या आणि फोन चालू केला. फोनवर फक्त तिसरी आली.

डेटा आयटम म्हणजे पत्रपेटी नव्हे, ती पाटी आहे. पत्त्यावर शेवटी जे लिहिलं असेल तेवढंच पलीकडे पोहोचतं, आधीचं पुसलेलं असतं. संपर्क चालू असताना हे लक्षात येत नाही, कारण प्रत्येक लेखन लगेच पलीकडे जातं. संपर्क तुटल्यावरच कळतं. ॲपलच्या घड्याळांवर काम करणाऱ्यांना हा फरक नावांतच दिसतो. तिथे `updateApplicationContext` फक्त शेवटची स्थिती देतं, `transferUserInfo` प्रत्येक नोंद रांगेने पोहोचवतं, आणि `sendMessage` समोरचं ॲप त्या वेळी पोहोचण्याजोगं असेल तरच चालतं. वेअर ओएसच्या डेटा आयटममध्ये रांग नाही. ती पत्त्यांमधून आपणच करायची.

म्हणून प्रत्येक डोसला स्वतःचा पत्ता दिला. डोस म्हणजे अमुक गोळी, अमुक तारखेला, अमुक वेळेची. त्याचा क्रमांक फोनच ठरवतो.

```kotlin
val req = PutDataMapRequest.create("/taken/$doseId").apply {
    dataMap.putString("state", "taken")
    dataMap.putLong("pressedAt", System.currentTimeMillis())
}.asPutDataRequest().setUrgent()

Wearable.getDataClient(context).putDataItem(req)
```

यातली `pressedAt` ही ओळ पहिल्यांदा नव्हती. ती नसल्यामुळे दोन बग वेगवेगळ्या दिवशी सापडले आणि दोन्ही याच ओळीने गेले. पहिला असा, की फोन नोंद मिळाल्याची वेळ हीच गोळी घेतल्याची वेळ धरत होता. सव्वाआठला घेतलेली गोळी, माणूस पावणेबाराला घरी आला म्हणून, पावणेबाराची म्हणून लिहिली जायची. मग दुपारच्या डोसचं अंतर कमी पडतं म्हणून ॲप विनाकारण इशारा द्यायचं. दुसरा बग ‘थोड्या वेळाने’ या बटणात होता. पहिल्यांदा दाबलं की आठवण दहा मिनिटं पुढे जायची, दुसऱ्यांदा दाबलं की काहीच व्हायचं नाही. पत्त्यावर आधी होता तोच मजकूर पुन्हा लिहिला तर सिस्टिमच्या लेखी काही बदललेलंच नसतं आणि पलीकडे `onDataChanged` येत नाही. दाबल्याची वेळ आत गेली की मजकूर दर वेळी वेगळा होतो.

`setUrgent()` बद्दलही थोडी चर्चा झाली. ते लावलं नाही तर बॅटरी वाचवण्यासाठी सिस्टिम डेटा पाठवायला ३० मिनिटांपर्यंत उशीर करू शकते. सरसकट सगळीकडे लावून टाकावं असा मोह होतो. आम्ही माणसाने बटण दाबून केलेल्या नोंदीला ते लावलं. फोनकडून घड्याळाला जाणाऱ्या पुढच्या दिवसाच्या वेळापत्रकाला लावलं नाही, कारण ते अर्धा तास उशिरा गेल्याने काही बिघडत नाही. मात्र वापरणाऱ्याने फोनवर औषध किंवा मात्रा बदलली, तर तेवढ्या वेळी लावायचं ठरलं.

कुणी कुठे लिहायचं

डेटा आयटमच्या पूर्ण पत्त्यात तो लिहिणाऱ्या उपकरणाची ओळखही असते. म्हणजे फोनने आणि घड्याळाने एकाच मार्गावर लिहिलं तरी त्या दोन वेगळ्या पाट्या होतात. एकाने दुसऱ्याची पाटी सुधारली असं होत नाही. हे कळल्यावर आम्ही नियम कडक केला. वेळापत्रकाच्या `/plan` या पत्त्यावर फक्त फोन लिहील आणि `/taken/…` वर फक्त घड्याळ. जो लिहील तोच पुसेल.

मग पोच कशी द्यायची? त्यासाठी वेगळं काही केलं नाही. फोनने `/taken/…` वरची नोंद डेटाबेसमध्ये लिहिली की नव्या `/plan` मध्ये त्या डोसपुढे ‘नोंदवला’ असं यायचं. ते वाचलं की घड्याळ आपली पाटी पुसायचं. फोनचं ॲप बंद असतानाही नोंद घेता यावी म्हणून ऐकण्याचं काम `WearableListenerService` कडे दिलं.

त्यामुळे ‘नोंद झाली’ हे शब्दही बदलावे लागले. ते खोटं बोलत होते. आता बटण दाबल्यावर घड्याळ म्हणतं ‘घड्याळात नोंदवली’ आणि बाजूला पोकळ वर्तुळ दिसतं. फोनची पोच आली की वर्तुळ भरतं. हा बदल मला सुरुवातीला निरर्थक वाटला होता, आत काय चाललंय त्याच्याशी माणसाला काय करायचंय म्हणून. पण स्ट्रिप मोजणाऱ्या त्या मुलीने नवी आवृत्ती पाहून विचारलं, “म्हणजे गोल पोकळ असेल तर फोनचं ऐकायचं नाही, घड्याळाचं ऐकायचं, असंच ना?” तिला बरोबर कळलं होतं.

दोन्हीकडे ‘घेतली’ असेल तर

सगळ्यात जास्त वाद या प्रश्नावर झाला. समजा, घड्याळ टप्प्याबाहेर आहे. आठ वाजून पाच मिनिटांनी घरातल्या कुणीतरी फोनवर ‘घेतली’ दाबलं आणि आठ वाजून वीस मिनिटांनी त्या माणसाने घड्याळात दाबलं. दोन तासांनी दोन्ही नोंदी फोनवर एकत्र आल्या. डोसचा क्रमांक एकच आहे. आता काय करायचं?

माझं म्हणणं होतं, पहिली वेळ ठेवायची आणि दुसरी गुपचूप टाकून द्यायची. सिंकच्या कामात असंच करतात. आमच्यातली एकजण आधी दवाखान्याच्या सॉफ्टवेअरवर काम केलेली. ती म्हणाली, “दोन नोंदींचे दोन अर्थ होतात. एक गोळी आणि दोन माणसांनी दाबलं, किंवा खरंच दोन गोळ्या. यातलं कोणतं, ते तुला कोडवरून कळणार आहे का?”

कळणार नव्हतं. म्हणून नियम असा केला: दोन वेळांमध्ये दोन मिनिटांपेक्षा कमी अंतर असेल तर एकच समजायची, कारण संपर्क हळू असला की लोक दोन्हीकडे दाबतात. त्याहून जास्त अंतर असेल तर फोन विचारतो: ‘या गोळीची नोंद दोनदा झाली आहे. गोळी एकदा घेतली की दोनदा?’ उत्तर येईपर्यंत इतिहासात दोन्ही वेळा दिसतात. दोन मिनिटं हा आकडा कुठल्या अभ्यासातून आलेला नाही. चर्चा थांबवायला काहीतरी ठरवावं लागतं, तसा तो ठरला.

चुकून दाबलेलं परत घ्यायची सोय मात्र सहज झाली. प्रत्येक डोसची पाटी वेगळी असल्यामुळे त्याच पत्त्यावर `state` बदलून `cancelled` लिहायचं. इथे शेवटचं तेवढंच पोहोचतं हा पाटीचा गुण उपयोगी पडला.

घड्याळाने स्वतः आठवण करणं

फोन जवळ नसताना आठवण हवी, तर गजर घड्याळातच लावायला हवा. `/plan` मधून पुढच्या ४८ तासांचे डोस घड्याळाकडे येतात आणि घड्याळ `AlarmManager` वापरून आपले गजर लावतं.

यातली एक गोष्ट फोनवरच्या सवयीमुळे आमच्या नजरेतून सुटली होती. उपकरण बंद होऊन चालू झालं की `AlarmManager` चे गजर पुसले जातात आणि ते पुन्हा लावावे लागतात. फोन महिनोन्‌महिने बंद होत नाही, त्यामुळे तिथे ही कडेची बाब वाटते. घड्याळाची बॅटरी मात्र एक दिवस चार्जिंग विसरलं की संपते. म्हणजे फोनवर क्वचित घडणारी गोष्ट घड्याळावर दर आठवड्याची. `BOOT_COMPLETED` ऐकून गजर पुन्हा लावण्याचा कोड फोनच्या ॲपमध्ये होता, घड्याळाच्या ॲपमध्ये मी तो घातलाच नव्हता. एका टेस्टरच्या घड्याळाने रात्री चार्जिंगला लावल्यानंतर सकाळी आठवणच केली नाही, तेव्हा उलगडा झाला. झोपण्याआधी ते पूर्ण संपून बंद पडलं होतं.

दुसरी कटकट दुहेरी थरथरीची. घड्याळाचा गजर वाजायचा आणि त्याच क्षणी फोनचं नोटिफिकेशनही मनगटावर यायचं. घड्याळात आमचं ॲप आहे का हे फोन `CapabilityClient` वरून तपासतो, आणि असेल तर आपलं नोटिफिकेशन `setLocalOnly(true)` करून फोनपुरतं ठेवतो. एवढ्याने ते मिटलं.

गोल स्क्रीनवर नेमकं काय कापलं जातं

आता स्क्रीनबद्दल. फोनवरची यादी जशीच्या तशी आणणं ही चूक होती, हे दोन दिवसांत कळलं. लोक घड्याळाकडे दोन-तीन सेकंद बघतात आणि त्यांना एकच हवं असतं: आता कोणती गोळी. त्यामुळे उघडल्यावर फक्त पुढचा डोस दिसतो. खाली सरकवलं की उरलेल्या दिवसाचे. औषध टाकणं, मात्रा बदलणं, इतिहास हे सगळं फोनवरच राहिलं.

पण खरी गंमत, आणि धोकाही, एका ओळीत होता. चाचणीत एकांना सकाळी मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम आणि रात्री १००० मिलिग्रॅम होतं, आणि पाकिटावरचं लांबलचक नाव त्यांनी तसंच टाकलं होतं. घड्याळाची स्क्रीन लहानात लहान १९२ डीपी रुंद, आणि गोल असल्यामुळे वरच्या-खालच्या ओळींना त्याहूनही कमी जागा. मजकूर मावला नाही की आम्ही शेवटी तीन टिंबं देत होतो. दोन्ही वेळा स्क्रीनवर दिसत होतं ‘मेटफॉर्मिन हायड्रोक्लो…’. जो आकडा दोन गोळ्या वेगळ्या करतो तोच टिंबांमागे गेला होता.

फोनवर ओळ मोठी असते, म्हणून हे कधी जाणवलंच नाही. आता नाव आणि मात्रा या दोन वेगळ्या ओळी आहेत. मात्रा मधोमध, जिथे वर्तुळ सगळ्यात रुंद असतं तिथे, मोठ्या अक्षरात, आणि ती कधीही कापायची नाही असा नियम. कापायचंच असेल तर नाव कापायचं. देवनागरीत आणखी एक भर पडली: इंग्रजीला पुरणारी ओळीची उंची ठेवली तर वेलांट्या आणि रफार वरून छाटले जात होते, म्हणून उंची वाढवावी लागली.

एक वाया गेलेला दिवस

हे सांगतो, कारण प्रत्येकाचा एक दिवस यात जातो. चाचणी आवृत्ती फोनवर प्ले स्टोअरच्या अंतर्गत चाचणीतून घेतलेली होती आणि घड्याळावर मी अँड्रॉइड स्टुडिओतून थेट टाकली होती. दोन्ही ॲप चालत होते, उपकरणं जोडलेली होती, `putDataItem` यशस्वी होत होतं. पलीकडे काहीच पोहोचत नव्हतं. एररही नाही.

या संपर्कासाठी दोन्ही ॲपचं पॅकेज नाव आणि सही एकच असावी लागते. प्ले स्टोअरवरची प्रत एका किल्लीने सही केलेली होती, माझी डीबग किल्लीने. सिस्टिमच्या लेखी ती दोन वेगळी ॲप, म्हणून एकाचा डेटा दुसऱ्याला न देणं अगदी योग्य. डीबग आवृत्तीत एकीकडेच `applicationIdSuffix` लावलं तरी हेच होतं. दोन्ही फाइल्सवर पुढची आज्ञा चालवून आकडे ताडून पाहिले की पाच मिनिटांत उलगडा होतो.

```
apksigner verify --print-certs app.apk
```

डेटा जात नाही आणि एररही नाही, अशी लक्षणं दिसली तर आता आम्ही कोड उघडण्याआधी हेच बघतो.

निकाल

नवी आवृत्ती त्याच टेस्टर लोकांना दिली आणि चाचणीची पद्धत बदलली. रोज कुणीतरी फोन मुद्दाम घरी ठेवून बाहेर जायचं, घड्याळ एकदा पूर्ण संपू द्यायचं, आणि दोन्हीकडे नोंद करायची. संध्याकाळी फोनचा इतिहास आणि हाताने लिहिलेला कागद ताडून पाहायचा. त्या काळात नोंद हरवल्याचं एकदाही आढळलं नाही. उशिरा आलेल्या नोंदी भरपूर होत्या, पण त्यांच्यावरच्या वेळा बरोबर होत्या.

‘एकदा की दोनदा?’ हा प्रश्न काही वेळा विचारला गेला. एका वेळी उत्तर खरंच ‘दोनदा’ आलं. ती जीवनसत्त्वाची गोळी होती. माझा नियम चालला असता तर ती नोंद मी टाकून दिली असती.

एक गोष्ट सुटलेली नाही. वापरणाऱ्याने फोनवर मात्रा बदलली आणि घड्याळ तेव्हा टप्प्याबाहेर असेल, तर घड्याळ जुनीच मात्रा दाखवतं. आम्ही खाली बारीक अक्षरात ‘फोनशी शेवटचा संपर्क: काल २१:१०’ असं लिहितो आणि संपर्क २४ तासांपेक्षा जुना असेल तर मात्रेचा रंग फिका करतो. फिक्या रंगाचा अर्थ किती जणांना कळतो याबद्दल मला शंका आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली वाट, म्हणजे नोटिफिकेशनवरची बटणं, आम्ही पर्याय म्हणून फेटाळली. ती पहिली पायरी म्हणून घ्यायला हवी होती. घड्याळाचं ॲप तयार होईपर्यंत ती चार दिवसांत देता आली असती. शिवाय लोक मनगटावरून किती वेळा उत्तर देतात आणि फोन किती वेळा टप्प्याबाहेर असतो, हे तेवढ्यातच कळलं असतं. ते माहीत असतं तर मी टेबलावर शंभर वेळा बटण दाबत बसलो नसतो.

दुसरं, डोसचा क्रमांक फोनच देतो ही रचना आता आड येते. कधीतरी लागणारी गोळी, म्हणजे डोकेदुखीवरची वगैरे, वेळापत्रकात नसते. ती घड्याळावरून नोंदवायची तर तिला क्रमांक कोण देणार? पहिल्या दिवसापासून नोंदीचा क्रमांक, जे उपकरण नोंद करतं त्यानेच तयार केला असता, तर हे सहज जमलं असतं. आता डेटाबेसची रचना बदलावी लागेल.

आणि जुन्या मात्रेच्या बाबतीत फिका रंग पुरेसा नाही, असं आमच्यातल्या तिघांचं मत झालं आहे. संपर्क २४ तासांपेक्षा जुना असेल तर घड्याळाने मात्रा दाखवूच नये, फक्त ‘गोळीची वेळ झाली, मात्रा फोनवर पाहा’ असं म्हणावं. चौथ्याचं म्हणणं, फोन सोबत न घेता दोन दिवस बाहेर असलेल्या माणसाला मग घड्याळाचा उपयोगच काय. पुढच्या आवृत्तीत हे दोन्ही प्रकार निम्म्या-निम्म्या टेस्टरना देऊन बघणार आहोत.